निळी टिक की पोस्टाची पोच? नोटीस पाठवताना पुरावा कुठे टिकतो

पैसे अडकले, भाडे थकले किंवा चेक परत आला की आपण आधी फोन करतो, मग व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो आणि शेवटी वकिलाकडे जातो. वकिलाचा पहिला प्रश्न असतो : “नोटीस दिली का? आणि ती मिळाल्याचा पुरावा आहे का?” आपण फोन पुढे करतो, दोन निळ्या टिका दाखवतो आणि काम झाले असे समजतो. पण या टिका नेमके काय सिद्ध करतात आणि काय करत नाहीत, हे नोटीस पाठवण्याआधीच समजून घ्यायला हवे. त्यातच १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. त्यामुळे ‘रजिस्टर एडी करून टाका’ हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्लाही आता जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी एक उदाहरण

समजा, गांधीबागेतल्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याने उमरेडच्या एका दुकानदाराला माल दिला. दुकानदाराने १ लाख ८५ हजार रुपयांचा चेक दिला. खात्यात पैसे नसल्याने तो परत आला आणि २ मार्चला बँकेचा तसा मेमो व्यापाऱ्याच्या हाती पडला.

इथून पुढे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३८ लागू होते. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस देऊन रक्कम मागायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुकानदाराने पैसे दिले तर प्रश्न मिटला. नाही दिले, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करायची. म्हणजे नोटीस मिळाल्याच्या तारखेवर पुढच्या सगळ्या मुदती अवलंबून आहेत. ती तारीख सिद्ध करता आली नाही, तर हिशेब पक्का असूनही प्रकरण अडखळते.

दुकानदार पुढे काय म्हणू शकतो? “शेठजी, मला काही मिळालंच नाही.” किंवा, “पाकीट मिळालं, पण आत कोरा कागद होता.” किंवा, “तो नंबर माझा नाही, माझ्या पुतण्याकडे असतो.” ही तीन उत्तरे तीन वेगवेगळ्या गोष्टी नाकारतात. पहिले पोहोचणे नाकारते, दुसरे मजकूर नाकारते आणि तिसरे माणूसच नाकारते. पोस्ट, ई-मेल आणि व्हॉट्सॲप यांची तुलना याच तीन कसोट्यांवर करायला हवी.

पोस्ट : कायद्याचे झुकते माप

पोस्ट संथ आहे, पण कायद्याने त्याला एक मोठी सवलत दिली आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ नुसार, योग्य पत्ता लिहून, पूर्ण टपालखर्च भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पत्र नेहमीच्या टपालाच्या वेळेत पोहोचले असे गृहीत धरले जाते. मिळाले नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मग समोरच्यावर येते. तो ते दाखवूही शकतो, कारण हे गृहीतक खोडून काढता येते. पण सुरुवात पाठवणाऱ्याच्या बाजूने होते.

चेकच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व २००७ मधील सी. सी. अलवी हाजी विरुद्ध पलापेट्टी मुहम्मद या निकालात स्पष्ट केले. नोटीस योग्य पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली असेल, तर ती मिळाली असे धरता येते. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ असे ज्याचे खरोखर म्हणणे आहे, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत आणि तसे न्यायालयाला सांगावे. पैसेही भरायचे नाहीत आणि नोटीसही नाकारायची, असे दोन्ही चालणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ.

म्हणून पाकीट परत आले तरी घाबरण्याचे कारण नसते. त्यावर पोस्टमनने कोणता शेरा मारला आहे, ते आधी पाहायचे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर नोटीस बजावली गेली असे मानले जाते. सूचना देऊनही पाकीट सोडवून घेतले नाही, म्हणजे ‘अनक्लेम्ड’, असा शेरा असेल तरी साधारण तेच लागू होते. घर बंद, दुकान बंद, घरी हजर नाही अशा शेऱ्यांनाही न्यायालयांनी हेच तत्त्व लावले आहे. मात्र ‘अपूर्ण पत्ता’ किंवा ‘हा माणूस इथे राहत नाही, सोडून गेला’ असा शेरा आला, तर अडचण पाठवणाऱ्याची आहे. पत्ता योग्य असेल तरच कलम २७ मदतीला येते.

त्यामुळे पोस्टाच्या नोटिशीतली खरी मेहनत पत्त्यावर घ्यायची असते. आपल्या व्यापाऱ्याकडे दुकानदाराचे जुने बिल आहे, त्यावर जीएसटी क्रमांक आहे. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की नोंदणीकृत व्यवसायाचे ठिकाण कुणालाही पाहता येते. दुकानाचा तो पत्ता आणि घराचा पत्ता, अशा दोन्हींवर स्वतंत्र पाकिटे पाठवली, तर ‘दुकान मी केव्हाच बंद केले’ या उत्तराला जागा उरत नाही.

काउंटरवर आता काय मागायचे?

विलीनीकरणानंतर पोस्टाच्या खिडकीवर रजिस्टर्ड पोस्ट नावाची वेगळी सेवा मिळत नाही. पाकीट स्पीड पोस्टनेच जाते. साधे स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर दिले जाते. ते पत्त्यावरच्या व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्याच हाती जावे असे वाटत असेल, तर ‘रजिस्ट्रेशन’ ही जादा सुविधा मागून घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला शहरातल्या शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये पडतात. रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे आणि एकूण रकमेवर जीएसटी. म्हणजे गांधीबागेतून उमरेडला जाणारे चार-पाच पानांचे पाकीट साधारण ६१ रुपयांत रजिस्ट्रेशनसह जाते. सही केलेली पोच हवी असेल तर ती त्याच वेळी सांगून वेगळी घ्यावी लागते.

इथे चूक सहज होते. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत असो की गल्लीतल्या छोट्या पोस्टात, ‘स्पीड पोस्ट करा’ एवढेच म्हटले तर साधे स्पीड पोस्ट होते आणि ट्रॅकिंगवर पुढे फक्त ‘डिलिव्हर झाले’ एवढे दिसते. कुणाच्या हाती, ते दिसत नाही. म्हणून पावती हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी त्यावर रजिस्ट्रेशनचे शुल्क लागले आहे का आणि नाव, गाव, पिन कोड बरोबर छापले आहे का, एवढे पाहून घ्यावे.

संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या रिपीलिंग अँड अमेंडिंग विधेयकात जनरल क्लॉजेस ॲक्ट आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतील रजिस्टर्ड पोस्टची शब्दरचना नव्या व्यवस्थेशी जुळवून घेण्याची तरतूद आहे. पण लोकांच्या कपाटातले करार, सोसायट्यांची पत्रे, वकिलांचे जुने नमुने यांत अजून ‘रजिस्टर्ड पोस्ट एडी’ असेच लिहिलेले आहे. त्या शब्दांच्या सर्वांत जवळ जाणारी आजची सेवा म्हणजे रजिस्ट्रेशन आणि पोच यांसह स्पीड पोस्ट. पाच रुपये वाचवून वादाला निमित्त देण्यात शहाणपण नाही.

पोस्टाची एक मर्यादा मात्र कायम आहे. पाकीट पोहोचले, हे पोस्ट सांगते. पाकिटात काय होते, हे सांगत नाही. ‘कोरा कागद होता’ या उत्तराला पोस्टाकडे जबाब नाही. तो जबाब ई-मेल आणि व्हॉट्सॲपकडे आहे.

व्हॉट्सॲप : ‘तो’ निकाल नेमका काय होता?

‘निळी टिक म्हणजे नोटीस बजावली, असे हायकोर्टाने म्हटले आहे’, हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येते. त्याचा उगम मुंबई उच्च न्यायालयाच्या जून २०१८ च्या एका आदेशात आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे प्रकरण होते. समोरचा माणूस नोटीस टाळत होता. शेवटी कंपनीच्या अधिकाऱ्याने नोटिशीची पीडीएफ आणि पुढच्या सुनावणीची तारीख त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. मेसेज नुसता पोहोचला नाही, तर जोडलेली फाइल उघडली गेली, हे टिकांवरून दिसते, असे सांगून न्या. गौतम पटेल यांनी बजावणी मान्य केली. त्याच्या आदल्या वर्षी, एका चित्रपटाच्या हक्कांच्या वादातही त्यांनी ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरून झालेली बजावणी ग्राह्य धरली होती.

हे आदेश महत्त्वाचे आहेत, पण त्यांची चौकट लक्षात घ्यायला हवी. ती न्यायालयासमोर आधीच सुरू असलेली प्रकरणे होती. समोरचा जाणूनबुजून टाळतो आहे, असे न्यायालयाला दिसत होते. आणि न्यायाधीशांनी त्या-त्या प्रकरणातली परिस्थिती पाहून निर्णय दिला. कलम २७ पोस्टाला देते तसे सरसकट गृहीतक व्हॉट्सॲपला कोणत्याही कायद्याने दिलेले नाही. पोस्टात ‘मिळाले नाही’ हे समोरच्याने दाखवायचे असते. व्हॉट्सॲपमध्ये ‘मिळाले’ हे आपण दाखवायचे असते. दोन्हींतला मुख्य फरक हाच.

ते दाखवणे तांत्रिकदृष्ट्याही वाटते तितके सोपे नाही. एक टिक म्हणजे मेसेज आपल्या फोनवरून गेला. दोन करड्या टिका म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत पोहोचला. निळ्या टिका म्हणजे चॅट उघडले गेले. पण ‘रीड रिसीट’ बंद ठेवली असेल तर वाचूनही टिका करड्याच राहतात. फोन बंद असेल किंवा आपल्याला ब्लॉक केले असेल, तर एकच टिक दिसते आणि दोन्हींपैकी कारण कोणते, ते बाहेरून कळत नाही. न पोहोचलेला मेसेज व्हॉट्सॲप ३० दिवस सर्व्हरवर ठेवते आणि मग काढून टाकते. आणि निळी टिक फोन कुणाच्या हातात होता, हे कधीच सांगत नाही.

मग व्हॉट्सॲपचा खरा उपयोग काय? उत्तर मिळवणे. ‘नोटीस मिळाली, पण पुढच्या महिन्यात देतो’ असा दोन ओळींचा रिप्लाय शंभर निळ्या टिकांपेक्षा वजनदार असतो. नोटीस मिळाल्याची, ती वाचल्याची आणि अनेकदा देणे असल्याचीही कबुली त्यात येते. नंबर त्याचाच आहे, हे दाखवायला त्याच चॅटमधल्या मालाच्या जुन्या ऑर्डरी आणि त्याने पाठवलेले पत्ते उपयोगी पडतात. म्हणून नोटीस जुन्या चॅटमध्येच पाठवावी. वकिलाच्या किंवा मुलाच्या नव्या नंबरवरून नाही. पाठवण्याआधी त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू नाही ना, हेही पाहावे. नाहीतर पुरावा ठरलेल्या मुदतीनंतर स्वतःच निघून जाईल.

ई-मेल : इनबॉक्समध्ये शिरला की पोहोचला

ई-मेलबाबत कायदा व्हॉट्सॲपपेक्षा जास्त स्पष्टपणे वापरता येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर कधी ‘मिळाला’ असे धरायचे, याचा नियम आहे. दोघांत वेगळे काही ठरले नसेल तेव्हा तो लागू होतो. समोरच्याने ‘माझ्याशी या पत्त्यावर व्यवहार करा’ असा ई-मेल ठरवून दिला असेल, तर मेल त्या खात्यात शिरला की तो मिळाला. उघडला की नाही, हा प्रश्नच येत नाही. पण ठरलेला पत्ता सोडून दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर समोरच्याने तो प्रत्यक्ष घेतला तेव्हाच मिळाला असे धरतात. पत्ता मुळात ठरवलेलाच नसेल, तर मेल त्याच्या खात्यात शिरला की पुरते.

यातून एक साधी गोष्ट निघते. करारात, कोटेशनवर किंवा बिलाच्या खाली ‘सर्व सूचना या ई-मेलवर पाठवल्या जातील’ अशी एक ओळ असेल, तर पुढे ई-मेलची ताकद दुप्पट होते. ती ओळ वाद झाल्यावर घालता येत नाही. व्यवहार गोडीगुलाबीचा असतो तेव्हाच ती घालून घ्यावी.

ई-मेलचा दुसरा फायदा मजकुराचा. नोटिशीची पीडीएफ मेलला जोडली आणि ‘हीच नोटीस आज स्पीड पोस्टने, अमुक क्रमांकाने पाठवली आहे’ असे लिहून पोस्टाच्या पावतीचा फोटोही जोडला, तर पाकिटात काय होते, हे सांगणारी तारीख-वेळेसह नोंद तयार होते. कोऱ्या कागदाची सबब तिथे अडचणीत येते.

मात्र ‘सेंट’ फोल्डरमधला मेल फक्त पाठवल्याचे सांगतो. पत्ता चुकला असेल, तर काही मिनिटांत किंवा तासांत मेल न पोहोचल्याचा उलट मेल येतो. तो आला नाही ना, हे एक-दोन दिवस इनबॉक्स आणि स्पॅम दोन्हीकडे पाहावे. वाचल्याची पोच मागता येते, पण ती देणे-न देणे समोरच्याच्या हातात असते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून `Show original` निवडले की मेलची मूळ नोंद दिसते आणि ती उतरवूनही घेता येते. त्या फाइलमध्ये वेळ, मेलचा स्वतंत्र ओळखक्रमांक आणि तांत्रिक माहिती असते. मेलची नुसती प्रिंट काढली की यातले बरेच काही गळून पडते.

स्क्रीनशॉट घेतला म्हणजे झाले का?

नाही. याचा धडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दिला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातले प्रमाणपत्र हवेच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि हे प्रमाणपत्र आता त्याच्या कलम ६३ खाली येते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद देणारी व्यक्ती भरते आणि दुसरा तज्ज्ञ भरतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोज संगणकावर तो काढायला एवढीच आज्ञा लागते :

```
certutil -hashfile notice.pdf SHA256
```

नोटीस पाठवली त्याच दिवशी हा आकडा काढून लिहून ठेवला, तर पुढे दोन वर्षांनी ‘ही पीडीएफ नंतर बदलली’ या आक्षेपाला उत्तर तयार असते.

व्हॉट्सॲपबाबत आणखी एक खाचखळगा आहे. चॅट ‘एक्सपोर्ट’ केले की मजकूर आणि वेळ मिळते, पण टिका त्यात येत नाहीत. मेसेज कधी पोहोचला आणि कधी वाचला, ही माहिती फोनमध्ये त्या मेसेजच्या `Message info` मध्ये असते. म्हणून त्याचा स्क्रीनशॉट तर घ्यावाच, पण मूळ फोन आणि त्यातले चॅटही निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे. फोन बदलण्याची घाई इथे महागात पडते.

तीन मार्ग, तीन तारखा : गणित कसे करायचे?

आता ‘सगळीकडूनच पाठवून देऊ’ असे वाटेल. सल्ला बरोबर आहे, पण त्यात एक पेच आहे. नोटीस तीन मार्गांनी गेली तर ती मिळाल्याच्या तारखाही वेगवेगळ्या होऊ शकतात.

आपल्या व्यापाऱ्याचेच पाहू. त्याने ९ मार्चला पोस्टात पाकीट टाकले आणि त्याच दिवशी ई-मेल व व्हॉट्सॲपही केले. ई-मेल ९ मार्चलाच पोहोचला, पाकीट १२ मार्चला हाती पडले. ई-मेलची तारीख धरली, तर १५ दिवस २४ मार्चला संपतात आणि तक्रारीचा महिना २५ एप्रिलपर्यंत चालतो. पोस्टाची तारीख धरली, तर १५ दिवस २७ मार्चला संपतात आणि महिना २८ एप्रिलपर्यंत जातो.

समजा त्याने ई-मेलच्या हिशेबाने २६ मार्चलाच तक्रार केली आणि न्यायालयाने पोस्टाची तारीख धरली, तर तक्रार मुदतीआधीची ठरते. १५ दिवस संपण्याआधी केलेली तक्रार टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात सांगितले आहे. उलट, पोस्टाच्या हिशेबाने २७ एप्रिलला गेला आणि न्यायालयाने ई-मेलची तारीख धरली, तर उशीर झाला. उशीर माफ करता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि सबळ कारण लागते. म्हणून दोन्ही हिशेबांत बसणारी पट्टी पकडायची : २८ मार्च ते २५ एप्रिल. या काळात केलेली तक्रार कोणतीही तारीख धरली तरी मुदतीत बसते. शेवटच्या दिवसावर मात्र कुणी थांबू नये.

आणि तिन्ही ठिकाणी मजकूर एकच हवा. पोस्टात वकिलाची नोटीस आणि व्हॉट्सॲपवर ‘व्याजासकट दोन लाख द्या’ असे केले, तर दोन वेगळ्या मागण्या तयार होतात. नोटिशीत चेकची नेमकी रक्कम मागितलेली नसेल तर ती नोटीसच अवैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात ठणकावले आहे. चेक १ लाख ८५ हजारांचा असेल, तर तिन्हीकडे तोच आकडा जायला हवा.

निवड करताना आधी कायदा, मग ॲप

कलम १३८ फक्त ‘लेखी नोटीस’ म्हणते, मार्ग सांगत नाही. म्हणूनच अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरची अशी नोटीसही मान्य केली. पण प्रत्येक कायदा इतका मोकळा नाही. भाडेकरूकडे थकीत भाडे मागण्याची नोटीस महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच द्यावी लागते. ती पद्धत अशी : सही केलेली लेखी नोटीस पोस्टाने पाठवा, नाहीतर भाडेकरूला किंवा त्याच्या घरातल्या माणसाला हातोहात द्या, आणि तेही शक्य नसेल तर जागेवर दर्शनी भागी चिकटवा. या यादीत व्हॉट्सॲप नाही. तिथे घरमालक निळ्या टिकांवर राहिला, तर दावा दाखल करण्याआधीचे ९० दिवस सुरू झाले की नाही, इथूनच वाद होईल.

पोलिसांच्या बाबतीत तर न्यायालयाने दारच बंद केले आहे. आरोपीला हजर राहण्यास सांगणारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची नोटीस व्हॉट्सॲप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. कारण उघड आहे. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाले तर अटक होऊ शकते. उलट, गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संजबीज तारी प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने चेकच्या खटल्यांची समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावायला सांगितली. मात्र ई-मेल, मोबाइल नंबर हे आरोपीचेच आहेत, असे तक्रारदाराने प्रतिज्ञापत्रावर सांगावे, ही अट घातली. पैशाच्या वादात मार्ग मोकळा होतो आहे, स्वातंत्र्याच्या प्रश्नात तो आखडता घेतला जातो आहे. आणि जिथे मोकळा होतो आहे, तिथेही ‘नंबर कुणाचा’ याची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच आहे.

आमचे मत

हे तिन्ही मार्ग एकमेकांचे पर्याय नाहीत. पोस्ट पायाचा दगड आहे, कारण ‘मिळाले नाही’ हे सिद्ध करण्याचा भार ते समोरच्यावर टाकते. ई-मेल मजकुराचा साक्षीदार आहे. व्हॉट्सॲप उत्तर मिळवण्याची जागा आहे. रजिस्ट्रेशन आणि पोच यांसह स्पीड पोस्ट, त्याच दिवशी त्याच पीडीएफचा ई-मेल आणि जुन्या चॅटमध्ये तीच फाइल, या क्रमाने गेले तर ‘मिळाले नाही’, ‘कोरा कागद होता’ आणि ‘नंबर माझा नाही’ या तिन्ही उत्तरांना एकेक जबाब तयार होतो. एकच मार्ग निवडायची वेळ आली, तर आजही तो पोस्टाचाच असावा.

टपाल खात्यानेही एक गोष्ट करावी. जुन्या रजिस्टर्ड पोस्टमध्ये नोंदणी आपोआप होत असे, आता ती ग्राहकाने आठवणीने मागायची आहे. ज्यांना हे माहीत नाही, तेच लोक पोस्टावर सर्वाधिक विसंबून असतात. ‘कायदेशीर नोटीस आहे का, रजिस्ट्रेशन हवे का?’ एवढा एक प्रश्न प्रत्येक खिडकीवर विचारला गेला, तर पाच रुपयांवरून होणारे कितीतरी वाद पोस्टाच्या दारातच मिटतील.